क्रॉनमध्ये तारीख आणि वार दोन्ही दिले की जॉब नको त्या दिवशीही का चालतो

क्रॉनटॅबच्या ओळीत महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार असे दोन्ही रकाने भरले, आणि जॉब ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस चालायला लागला, तर बहुतेक वेळा क्रॉन बिघडलेला नसतो. त्या दोन रकान्यांचा अर्थ आपण एक धरतो आणि क्रॉन दुसरा धरतो. मी स्वतः यात दोनदा सापडलो. दुसऱ्या वेळी एका पतसंस्थेचा काउंटर भर गर्दीत बंद पडला, म्हणून तोच प्रसंग इथे तपशिलात घेतो.

त्या पतसंस्थेच्या डेटाबेसचे इंडेक्स अधूनमधून नव्याने बांधावे लागत. स्क्रिप्ट आधी अॅप्लिकेशनसमोर 'देखभाल सुरू आहे' असं पान लावायची, इंडेक्स बांधायची आणि मग पान काढायची. या सगळ्याला साधारण चाळीस मिनिटं लागत. रात्री बॅकअप चालत असल्यामुळे रात्रीची वेळ नको होती. १ सप्टेंबर २०१५ पासून आपल्याकडे बँकांना महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, आणि ही पतसंस्थाही तीच सुट्टी पाळायची. म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ ठरली.

दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या आत येतो आणि चौथा २२ ते २८ च्या आत. हे गणित पक्कं आहे, त्याला अपवाद नाही. त्यावरून मी मंगळवारी, ५ ऑगस्ट २०२५ ला ही ओळ टाकली:

```
30 10 8-14,22-28 * 6 /opt/jobs/reindex.sh
```

माझ्या मनात वाचन असं होतं: 'तारीख ८ ते १४ किंवा २२ ते २८ असेल, आणि शिवाय शनिवार असेल, तेव्हा चालव.' ओळ टाकली, `crontab -l` ने पुन्हा बघितली आणि विसरून गेलो.

शुक्रवारी, ८ तारखेला, पावणेअकराच्या सुमारास शाखेतून फोन आला. "सर, स्क्रीनवर देखभाल सुरू आहे असं येतंय. उद्या राखीपौर्णिमा, पैसे काढायला लोकांची रांग लागलीय. किती वेळ लागेल?" स्क्रिप्ट मध्येच तोडली तर इंडेक्स अर्धवट राहिले असते, म्हणून ती पूर्ण होईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. कॅशियर मॅडमनी तेवढा वेळ हाताने पावत्या लिहिल्या.

शुक्रवार हा शनिवारच्या आदला दिवस. त्यामुळे माझा पहिला संशय टाइमझोनवर गेला. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि दिवस एकाने सरकला असेल, असं वाटलं. `timedatectl` चालवून पाहिलं तर सर्व्हर `Asia/Kolkata` वरच होता. तो यूटीसीवर असता तरी दिवस सरकला नसता, कारण आपले सकाळचे साडेदहा म्हणजे यूटीसीचे पाच, आणि तेव्हा तारीख-वार दोन्हीकडे एकच असतात. तरीही मी तो धागा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारी ९ तारखेला, जॉब बरोबर वेळेवर चालला, म्हणून शुक्रवारचा प्रकार काहीतरी एकदाच झालेला गोंधळ असेल अशी समजूत करून घेतली. रविवारी शाखा बंद होती, कोणाला काही कळलं नाही. सोमवारी पुन्हा फोन आला.

तेव्हा लॉग काढला. सगळ्यात आधी हेच करायला हवं होतं:

```
journalctl -u cron --since 2025-08-05 | grep reindex
```

उत्तर असं आलं (ओळींचा मागचा भाग छाटला आहे):

```
Aug 08 10:30:01 app1 CRON[21877]: (pat) CMD (/opt/jobs/reindex.sh)
Aug 09 10:30:01 app1 CRON[30412]: (pat) CMD (/opt/jobs/reindex.sh)
Aug 10 10:30:01 app1 CRON[38950]: (pat) CMD (/opt/jobs/reindex.sh)
Aug 11 10:30:01 app1 CRON[47733]: (pat) CMD (/opt/jobs/reindex.sh)
```

डेबियन आणि उबुंटूवर युनिटचं नाव `cron` असतं. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टमवर ते `crond` असतं आणि तिथे `/var/log/cron` ही फाइलही मिळते. या चार ओळींत निदान आहे. एकाच दिवशी, एकाच मिनिटाला जॉब दोनदा दिसला असता, तर तीच ओळ दोन जागी पडली आहे असा अर्थ निघाला असता, उदाहरणार्थ वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमध्ये आणि `/etc/cron.d` मध्येही. तास चुकीचा दिसला असता, तर टाइमझोन तपासायचा. इथे वेळ अगदी बरोबर आहे, दिवसाला एकदाच चालतोय, फक्त दिवस जास्त आहेत आणि ते सलग आहेत. ८, ९, १०, ११ असे सलग दिवस म्हणजे तारखेचा रकाना वाराकडे न बघता स्वतःच्या जोरावर जॉब चालवतोय.

नियम असा आहे. मिनिट, तास आणि महिना हे तीन रकाने जुळलेच पाहिजेत. तारीख आणि वार यांचा हिशेब वेगळा होतो. दोहोंपैकी एका रकान्यात तारा, म्हणजे `*`, असेल तर दुसऱ्या रकान्यात दिलेली अटच लागू होते. पण दोन्ही रकान्यांत नेमकी मूल्यं दिली, तर दोहोंपैकी कोणताही एक जुळला तरी जॉब चालतो. दोन्ही एकदम जुळण्याची वाट क्रॉन बघत नाही.

हा बग नाही. पोसिक्स मानकात हीच वागणूक लिहिलेली आहे आणि तिथलं उदाहरणही नेमकं याचंच आहे: `0 0 1,15 * 1` म्हणजे दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, आणि त्याशिवाय दर सोमवारी. पॉल विक्सी यांनी लिहिलेल्या ज्या क्रॉनवरून आजच्या बहुतेक लिनक्समधले क्रॉन निघाले, त्याच्या सोर्समध्ये या जागी एक टिप्पणी आहे. हा प्रकार विचित्र आहे, पण इतर अनेक विचित्र गोष्टींप्रमाणे मानकच तसं आहे, असं ते तिथे लिहून ठेवतात.

मला वाटतं, घोटाळ्याचं मूळ भाषेत आहे. '१ तारखेला आणि सोमवारी दुकान बंद राहील' ही पाटी वाचून कोणीही १ तारीखही धरतो आणि प्रत्येक सोमवारही धरतो. क्रॉन तसाच वाचतो. आपण मात्र ओळ लिहिताना 'आणि' म्हणजे दोन्ही अटी एकाच दिवशी असं धरतो, कारण शेजारचे मिनिट आणि तास तसेच वागतात. क्रॉनची ओळ वाक्यात उलगडून दाखवणारी पानं असतात, तिथेही हाच 'आणि' येतो. वाक्य वाचून समाधान होतं, प्रश्न मात्र तसाच राहतो.

आता ऑगस्ट २०२५ चं कॅलेंडर समोर ठेवून माझ्या ओळीचा हिशेब करू.

```
Su Mo Tu We Th Fr Sa
                1  2
 3  4  5  6  7  8  9
10 11 12 13 14 15 16
17 18 19 20 21 22 23
24 25 26 27 28 29 30
31
```

तारखेच्या रकान्यातून ८ ते १४ चे सात आणि २२ ते २८ चे सात, असे चौदा दिवस येतात. वाराच्या रकान्यातून २, ९, १६, २३ आणि ३० असे पाच शनिवार येतात. यातले ९ आणि २३ आधीच त्या चौदांत आहेत, त्यामुळे नवीन भर पडते ती २, १६ आणि ३० ची. एकूण १७ दिवस. हवे होते दोन. महिन्यात चार शनिवार असतील तर १६ होतात, पाच असतील तर १७. 'पहिला सोमवार' म्हणून `1-7 * 1` लिहिलं तरी हिशेब याच वळणाचा आहे: सात तारखा, अधिक उरलेले तीन किंवा चार सोमवार, म्हणजे १० किंवा ११ दिवस.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जे दिवस हवे होते ते ९ आणि २३ या यादीत आहेतच. म्हणून कोणी फक्त 'ठरलेल्या दिवशी चालला का' एवढंच तपासलं, तर उत्तर नेहमी 'हो' येतं. ही चूक पकडायची तर नको असलेल्या दिवशी चालला का, ते बघावं लागतं.

दुरुस्ती सोपी आहे. दोहोंपैकी एकच अट क्रॉनकडे ठेवायची आणि दुसरी शेलकडे द्यायची. मी ही ओळ लावली:

```
30 10 8-14,22-28 * * [ "$(date +\%u)" != 6 ] || /opt/jobs/reindex.sh
```

वाराच्या जागी आता तारा आहे, म्हणून क्रॉन फक्त तारखा बघतो आणि महिन्यात चौदा वेळा ही कमांड सुरू करतो. वार शेल तपासतं. `date +%u` सोमवारला १ आणि रविवारला ७ देतो, म्हणजे शनिवार ६. `%a` वापरू नका. तो वाराचं नाव देतो आणि नाव लोकेलप्रमाणे बदलतं. आकडा बदलत नाही.

या ओळीत हाताशी ठेवण्यासारख्या दोन बारीक गोष्टी आहेत. पहिली, `%` च्या आधीची उलटी तिरकी रेघ. क्रॉनटॅबमध्ये उघडा `%` आला की कमांड तिथेच तुटते आणि पुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून जातो. तुटलेल्या तुकड्यात अवतरणचिन्ह उघडंच राहतं, शेल त्याबद्दल तक्रार करतं आणि जॉब एकाही दिवशी चालत नाही. टर्मिनलवर तीच ओळ रेघेशिवाय नीट चालते, त्यामुळे इथे बराच वेळ जातो. दुसरी गोष्ट, मी `= 6 ] &&` न लिहिता `!= 6 ] ||` असं उलटं लिहिलं आहे. सरळ लिहिलं तर शनिवार नसलेल्या बाराही दिवशी ओळीचा एक्झिट कोड १ येतो आणि जॉबवर लक्ष ठेवणारं साधन लावलेलं असेल तर ते बारा वेळा 'अयशस्वी' म्हणून ओरडतं. उलटं लिहिल्यावर इतर दिवशी कोड ० येतो आणि शनिवारी स्क्रिप्टचा खरा कोड तसाच बाहेर पडतो.

वार क्रॉनकडे ठेवून तारीख शेलमध्ये तपासता येते का? येते, आणि मग कमांड महिन्यात चार-पाच वेळाच सुरू होते. पण दुसऱ्या शनिवारच्या बाबतीत त्यात एक खड्डा आहे. `date +%d` दोन अंकी आकडा देतो, म्हणजे `08` आणि `09`. शेलच्या गणितात, `$(( ))` मध्ये, शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो. त्या पद्धतीत ८ आणि ९ हे अंकच नाहीत, म्हणून बॅशमध्ये ती ओळ चूक झाल्याचा संदेश देऊन थांबते. बाकीच्या तारखांना सगळं ठीक चालतं आणि शनिवार नेमका ८ किंवा ९ तारखेला आला की जॉब गळतो. ग्नू `date` मध्ये `%-d` लिहिलं की पुढचं शून्य जातं. तरी मी तारीख क्रॉनकडे आणि वार शेलकडे हीच विभागणी पसंत करतो, कारण तीत हा प्रश्नच येत नाही.

शनिवारची वाट न बघता तपासायचं असेल तर तारखा शेलमध्येच फिरवून बघा:

```
for d in $(seq 8 14) $(seq 22 28); do
  [ "$(date -d 2025-08-$d +%u)" != 6 ] || echo 2025-08-$d
done
```

फक्त ९ आणि २३ छापले गेले पाहिजेत. हे टर्मिनलवर आहे, म्हणून इथे `%` च्या आधी रेघ नको.

टाइमझोनचा संशय माझ्या बाबतीत खोटा ठरला, पण या दुरुस्तीनंतर तो खरा होऊ शकतो. रेड हॅट, फेडोरा यांच्याकडच्या क्रोनीमध्ये `CRON_TZ=Asia/Kolkata` लिहून वेळापत्रक आपल्या वेळेत देता येतं. डेबियनच्या पारंपरिक क्रॉनमध्ये ती सोय नाही. सर्व्हर यूटीसीवर आहे आणि जॉब शनिवारी पहाटे दोनचा आहे असं समजा. क्रॉन तो आपल्या शनिवारी पहाटे दोनला सुरू करेल, पण आतला `date` सर्व्हरच्या वेळेने चालतो आणि तिथे अजून शुक्रवार रात्रीचे साडेआठ असतात. `%u` मग ५ देतो आणि जॉब शनिवारी कधीच चालत नाही. उलट रविवारी पहाटे दोनला तिथे शनिवार असतो, म्हणून तो रविवारी चालतो. अशा ठिकाणी तपासणीतही वेळक्षेत्र द्या: `TZ=Asia/Kolkata date +\%u`. आपल्या पहाटे साडेपाचच्या आधीचा कोणताही जॉब असेल तर हे आवर्जून बघा.

आता ताऱ्याचा एक बारकावा, कारण तिथे जाणते लोकही अडकतात. विक्सीच्या क्रॉनमध्ये आणि क्रोनीमध्ये 'या रकान्यात तारा आहे का' हे रकान्याच्या पहिल्या अक्षरावरून ठरतं. रकान्यातून शेवटी कोणत्या तारखा निघतात हे त्यासाठी बघितलं जात नाही. या दोन ओळी बघा:

```
0 6 */2    * 1 /opt/jobs/a.sh
0 6 1-31/2 * 1 /opt/jobs/a.sh
```

दोन्हींत तारखेचा रकाना १, ३, ५ अशा विषम तारखाच निवडतो. तरी पहिली ओळ ताऱ्याने सुरू होते, म्हणून तिथे दोन्ही अटी एकदम लागतात आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जॉब फक्त ११ आणि २५ तारखेच्या सोमवारी चालतो. दुसरी ओळ आकड्याने सुरू होते, म्हणून सोळा विषम तारखा आणि त्यात ४ आणि १८ चे सोमवार मिळून अठरा दिवस. याच गुणाचा उपयोग करून काही जण `1-7 * */7` असं लिहून पहिला रविवार साधतात. वाराच्या रकान्यात `*/7` मधून फक्त रविवार निघतो आणि रकाना ताऱ्याने सुरू होतो. या दोन क्रॉनवर ते चालतं. मी ते वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका. पुढच्या माणसाला `*/7` चा अर्थ लागत नाही, आणि तो 'सुधारून' तिथे `0` लिहितो तेव्हा पुन्हा दहा-अकरा दिवसांचा प्रकार सुरू होतो. शिवाय ताऱ्याचा हा अर्थ सगळीकडे सारखा नाही. कुबरनेटीजचा क्रॉनजॉब ज्या गो लायब्ररीवर उभा आहे, तिच्यात दोन्ही रकाने भरले की 'कोणताही एक' हा नियम तोच आहे, पण `*/7` ला तिथे मोकळा तारा धरत नाहीत.

याच नियमाची दुसरी बाजू होस्टिंगच्या पॅनेलमध्ये दिसते. १ तारखेचा जॉब लावताना माणूस वारांच्या सगळ्या सातही चौकटींवर टिचकी मारतो. मागे तयार होणारी ओळ `0 6 1 * 0-6` अशी असेल, तर जॉब रोज चालतो, कारण `0-6` म्हणजे तारा नव्हे आणि रोज कोणता ना कोणता वार जुळतोच. अशा वेळी पॅनेलने लिहिलेली मूळ ओळ उघडून बघा आणि वाराच्या जागी `*` करा.

सिस्टमडी असलेल्या यंत्रावर नवीन जॉब लावायचा असेल तर मी हल्ली टायमरच लावतो, कारण तिथे वार आणि तारीख दोन्ही जुळावेच लागतात. आपल्याला हवं असलेलं सगळं एका ओळीत बसतं आणि लावण्याआधी पुढच्या तारखाही बघता येतात:

```
systemd-analyze calendar --iterations=4 'Sat *-*-8..14,22..28 10:30'
```

पुढच्या चार वेळा छापून येतात. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरशी पडताळल्या की तीच ओळ टायमरच्या `OnCalendar=` मध्ये टाकायची. क्वार्ट्झ वापरणाऱ्या जावा अॅप्लिकेशनमध्ये आणि अॅमेझॉनच्या इव्हेंटब्रिजमध्ये तर दोन्ही रकाने भरूच देत नाहीत. एकात `?` लिहावा लागतो आणि दुसऱ्या शनिवारसाठी `7#2` अशी वेगळी खूण आहे. तिथे आठवडा रविवारच्या १ पासून मोजतात, म्हणून शनिवार ७ आहे. क्रॉनमधला ६ तसाच उचलून नेला तर जॉब शुक्रवारी चालेल.

पतसंस्थेच्या सर्व्हरवर नवी ओळ लावल्यानंतर १२, १३ आणि १४ तारखेलाही लॉगमध्ये साडेदहाची नोंद दिसली, आणि तिथल्या सहकाऱ्याने घाबरून फोन केला की पुन्हा चालतोय. ती नोंद क्रॉनने कमांड सुरू केल्याची असते, स्क्रिप्ट चालल्याची नव्हे. हा गैरसमज टाळायला मी स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत `logger "reindex सुरू"` घातलं. त्या महिन्यात ती नोंद फक्त एकदा आली, २३ तारखेला.